आईच्या फोनमधलं इंग्रजी पॉडकास्ट ॲप : रात्री भाग गायब होतात आणि घाटात काही वाजत नाही

प्रश्न : ताई, आईच्या फोनवर AntennaPod टाकून दिलंय, ती कीर्तनं आणि कथा ऐकते. ॲप सगळं इंग्रजीत, तिला फक्त मराठी वाचता येतं. रात्री ऐकत ऐकत झोपते आणि सकाळी म्हणते माझे भाग गेले. बहिणीकडे कल्याणला जाताना घाटात काहीच वाजत नाही, डाउनलोड केलेलं असूनही. मधेच वेग पण आपोआप वाढतो. मी कामाला सातपूरला, ती दिवसभर एकटी. काय सेटिंग करू?

उत्तर :

भाग गेलेले नाहीयेत, आधी आईंना हे सांगा म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल. मी नाशिकच्या सिडकोत ज्येष्ठ नागरिकांना मोबाईल शिकवते आणि ही तक्रार माझ्याकडे अगदी याच शब्दांत येते, माझे भाग गेले, ॲपने खाल्ले. होतं काय तर आई झोपतात, ॲप झोपत नाही. एक भाग संपला की रांगेतला दुसरा, मग तिसरा, असं चालूच राहतं. ॲपच्या हिशोबाने ते सगळे ऐकून झाले, म्हणून ते क्यूमधून, म्हणजे पुढे वाजायच्या रांगेतून, निघतात, आणि ऐकून झालेलं पुसून टाकायचं सेटिंग चालू असेल तर डाउनलोड केलेली फाईलसुद्धा जाते. म्हणजे क्यू, डाउनलोड आणि झोपेचा टायमर या तीन गोष्टी एकमेकीत अडकल्यात, एकच सुधारून भागणार नाही.

खात्री करायला सकाळी त्यांचा फोन हातात घ्या, ॲपच्या मेनूत Playback history नावाचं पान आहे ते उघडा. काल रात्रीच्या तारखेचे तीन चार भाग एकाखाली एक दिसले तर हेच झालंय असं समजा. आईंना विचारा शेवटचं काय आठवतंय, त्या म्हणतील अमुक महाराजांचं ते द्रौपदीचं चाललं होतं, तो भाग त्या यादीत शोधा, त्याच्या वर जे काही आहे ते झोपेत वाजलेलं. यादीतल्या भागावर दाबून परत डाउनलोड करता येतो आणि परत क्यूत टाकता येतो, पॉडकास्टच्या मूळ यादीतून तो गेलेलाच नसतो, फक्त ऐकून झाला अशी खूण लागलेली असते. ती खूण पण काढता येते.

आता सेटिंग. यातला सगळ्यात उपयोगी भाग टायमरचा, म्हणून तो आधी घेते. प्लेअर उघडल्यावर वरच्या बाजूला झोपेचं चिन्ह असतं, त्यावर दाबलं की Sleep timer ची खिडकी येते. बहुतेक लोक इथे मिनिटं टाकतात, सुरू करतात आणि बंद करून टाकतात, पण मग ते दर रात्री करावं लागतं, आणि ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी रात्री चष्मा काढून ठेवल्यावर हे करावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्याच खिडकीत खाली एक सोय आहे, प्ले दाबलं की टायमर आपोआप सुरू व्हावा अशी, आणि तो कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत आपोआप लागावा ते पण ठरवता येतं. रात्री 9 ते पहाटे 5 असं लावा. म्हणजे दिवसा स्वयंपाक करताना टायमर मधे येणार नाही, आणि रात्री आईंनी फक्त प्ले दाबायचं, बाकी काही नाही. मधेच रात्री दोन वाजता जाग आली आणि परत प्ले दाबलं तरी टायमर आपला आपण लागतो, हा त्याचा मोठा फायदा.

किती मिनिटं ठेवायची तर साधारण 30 ठेवून बघा. त्याच खिडकीत हलवल्यावर टायमर परत सुरू होण्याची सोय आहे, Shake to reset, ती चालू करा. टायमर संपायच्या आधी शेवटच्या काही सेकंदांत आवाज हळू होत जातो, आई जाग्या असतील तर त्यांनी त्या वेळी फोन उचलून नुसता हलवायचा, की पुन्हा 30 मिनिटं मिळतात. संपायच्या जरा आधी फोन थरथरावा अशी पण सोय आहे पण ती मी बंदच ठेवायला सांगते, उशीखाली फोन थरथरला की लागलेली झोप मोडते. आणि हलवायचं हे तोंडी सांगू नका, टायमर एक मिनिटाचा लावून त्यांच्याकडून दिवसा करून घ्या, आवाज हळू झाला की हलवा, बघा परत चालू झालं, एकदा हाताने केलं की विसरत नाहीत.

टायमर आणि वेग यांचा एक गुंता आहे जो फार लोकांच्या लक्षात येत नाही. टायमर घड्याळाची मिनिटं मोजतो, भागाची नाही. वेग 1.5 असेल तर 30 मिनिटांच्या टायमरमध्ये भाग 45 मिनिटं पुढे गेलेला असतो. आई दहा मिनिटांत झोपल्या असतील तर त्यांनी ऐकलंय फक्त पंधरा मिनिटांचं, आणि सकाळी त्यांना मागे जायचंय अर्धा तास. मागे जायचं बटण एका दाबाला थोडेच सेकंद मागे जातं, अर्धा तास मागे जायला ते दाबत बसणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे रात्री ऐकायच्या पॉडकास्टचा वेग 1 च ठेवा, आणि मागे जाण्यासाठी खालची लांब पट्टी बोटाने ओढायला शिकवा. पट्टीच्या एका टोकाला किती वाजलं आणि दुसऱ्या टोकाला किती बाकी किंवा एकूण किती हे आकड्यात असतं. आकडे हीच या स्क्रीनवरची अशी एक गोष्ट आहे जी आईंना वाचता येते, दुकानातल्या बिलावर आणि फोन नंबरात तेच आकडे असतात, म्हणून जिथे जमेल तिथे त्यांना शब्दाऐवजी आकड्याची खूण द्या. झोपताना आकडा बघून ठेवायचा, बारा मिनिटं, सकाळी पट्टी ओढून परत बारावर आणायची.

टायमर न लावता हे थांबवायचा दुसरा मार्ग म्हणजे Settings मध्ये Playback खाली Continuous playback बंद करणं, मग एक भाग संपला की ॲप तिथेच थांबतं. बरेच जण हेच सांगतील. मी नाही सांगत, कारण मग दिवसा पण तेच होतं, कणीक मळताना भाग संपला की हात धुवून फोनकडे यायचं, आणि दोन दिवसांत त्या ऐकणंच सोडून देतात. दिवसा चालू राहू दे, रात्रीचं टायमर बघेल. हां, आई फक्त रात्रीच ऐकत असतील तर मात्र बंद केलेलं चांगलं, मग टायमरची पण गरज नाही असं समजू नका पण निदान रात्रभर वाजणार नाही.

पुसलं जाण्याचं सेटिंग Settings मध्ये Downloads खाली आहे. ऐकून झाल्यावर फाईल आपोआप काढायची का, असा प्रश्न तिथे आहे. तुमच्यासारख्या केसमध्ये ते बंद करा. जागा भरेल म्हणून लोक घाबरतात तर हिशोब करून बघू. कीर्तन साधारण 45 मिनिटांचं धरा. पॉडकास्टच्या आवाजाचा दर्जा 128 केबीपीएस असेल तर तासाला साधारण 58 एमबी लागतात, म्हणजे 45 मिनिटांना 43 एमबी. 64 केबीपीएस असेल तर त्याच्या निम्मे, बोलण्यासाठी तेवढं पुरतं. रोज एक भाग म्हटला तरी महिन्याला सव्वा जीबीच्या आसपास. तुम्ही महिन्यातून एकदा रविवारी बसून जुने काढून टाकलेत की झालं. आणि आईंना जे पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं त्या भागाला तारा लावून ठेवा, म्हणजे Favorites मध्ये घाला, पुसायचं सेटिंग पुढे कधी चालू केलंत तरी असे आवडते भाग वगळायची सोय त्याच पानावर आहे.

आता घाटातलं. इगतपुरी सोडली की कसाऱ्यापर्यंत बोगदे आणि डोंगर, रेंज येते जाते, तिथे वाजेल ते फक्त खरोखर फोनमध्ये उतरलेलं. आणि तुम्ही म्हणताय डाउनलोड केलेलं असूनही वाजलं नाही, तर माझा अंदाज असा की ते डाउनलोड झालेलंच नव्हतं. या ॲपमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नवीन माणसाला त्या एकच वाटतात. पॉडकास्ट सबस्क्राईब केलेला असणं, म्हणजे नुसती यादी येत राहते. भाग क्यूत असणं, म्हणजे नुसता नंबर लागलाय. आणि भाग डाउनलोड झालेला असणं, म्हणजे फाईल फोनमध्ये आली. क्यूत दहा भाग दिसतात म्हणून आईंना वाटतं दहा भाग आहेत, घरी नेटवर ते वाजतात पण, कारण ॲप नेटवरून थेट वाजवतं, आणि घाटात एकही वाजत नाही.

याची परीक्षा एकच, आणि ती घरी करायची. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद आहे ना बघा, आणि क्यूमधला प्रत्येक भाग सुरू करून त्याच्या मधे कुठेतरी पट्टी ओढून बघा. वाजला तर घाटात वाजेल. नुसतं सुरुवातीचं वाजलं म्हणजे झालं असं धरू नका, थेट नेटवरून वाजवताना ॲप पुढचं थोडं आधीच ओढून ठेवतं, तेवढं वाजेल आणि मग थांबेल. म्हणून मधे ओढायचं. कल्याणला निघायच्या आदल्या रात्री हे केलंत की कसाऱ्याला फोन येणार नाही, अरे काही चालू होत नाही म्हणून.

मग डाउनलोड का झालं नाही. तुमच्याकडे वायफाय आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण आईंच्या फोनवर नुसता डेटा पॅक असेल तर उत्तर तिथेच आहे. AntennaPod आपण काही न बदलता भाग फक्त वायफायवर उतरवतं, मोबाईल डेटावर आपलं आपण उतरवत नाही. हे चांगल्या हेतूने आहे, लोकांचा डेटा संपू नये म्हणून, पण ज्या घरात वायफायच नाही तिथे डाउनलोड नुसतं वाट बघत बसतं. कधी मोबाईल डेटावर उतरवू का असं इंग्रजीत विचारतं, आई ते वाचू शकत नाहीत, घाबरून मागे जातात, आणि संपलं. Settings, मग Downloads, त्यात Mobile updates असं आहे, तिथे भाग डाउनलोड करायच्या पुढे टिक करा. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये 43 एमबीचं काही जड नाही.

तुम्ही तुमच्या फोनचा हॉटस्पॉट लावून डाउनलोड करत असाल तर अजून एक गंमत आहे. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटला जोडलेला फोन बऱ्याचदा ओळखतो की हे खरं वायफाय नाही, दुसऱ्याचा मोबाईल डेटा आहे, आणि त्याला मोजून वापरायचं नेट समजतो. मग वायफायचं चिन्ह दिसत असूनही डाउनलोड सुरू होत नाही आणि माणूस ॲपला शिव्या देतो. आईंच्या फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जा, तिथे Metered किंवा तसंच काही लिहिलेलं असतं, ते बदलून Treat as unmetered करा. हे त्या एका नेटवर्कपुरतंच लागू होतं, बाकी कशाला धक्का लागत नाही.

तिसरं कारण म्हणजे फोनच. काही कंपन्यांचे स्वस्त फोन बॅटरी वाचवायला स्क्रीन बंद झाली की मागे चालणारी ॲप मारून टाकतात. डाउनलोड लावलं, फोन ठेवला, स्क्रीन बंद झाली, डाउनलोड अर्धवट. हाच प्रकार वाजताना पण होतो आणि तेव्हा लोकांना वाटतं टायमर लवकर संपला. फरक ओळखायचा कसा, तर टायमरने थांबवलं असेल तर आवाज हळू होऊन थांबतो, आणि ॲप उघडलं की भाग थांबला त्याच जागेवर उभा असतो. फोनने मारलं असेल तर आवाज एकदम तुटतो, वरच्या पट्टीतली नोटिफिकेशन गायब असते, आणि उघडल्यावर भाग कधीकधी थोडा मागेच असतो कारण शेवटची जागा नोंदवायला ॲपला वेळच मिळाला नाही. असं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात AntennaPod, त्यात बॅटरी, आणि तिथे Unrestricted किंवा No restrictions जे असेल ते निवडा. काही फोनमध्ये Autostart नावाचं वेगळं बटण असतं, ते पण चालू करा. आणि आईंना किंवा शेजारच्या कोणालाही सांगा की फोन साफ करणारी ॲप वापरायची नाहीत, आणि ॲपच्या स्टोरेजच्या पानावर जाऊन Clear data तर अजिबात दाबायचं नाही, त्याने सबस्क्रिप्शन, क्यू, सगळं जातं. Clear cache ने ते जात नाही, पण दोन्ही बटणं शेजारी असतात आणि वाचता येत नसेल तर फरक कळत नाही, त्यामुळे त्या पानावर जायचंच नाही हे बरं.

वेगाचं बघू. वेग आपोआप वाढत नाही, बोट लागतं. प्लेअरवर खाली डाव्या बाजूला 1.00x असा आकडा असतो, तिथे दाबलं की वेगाची खिडकी उघडते, आई ती बंद करायला जातात आणि बंद करता करता एखाद्या तयार आकड्यावर बोट पडतं, 1.25 किंवा 1.5. आवाज चिरका होत नाही, कारण ही ॲप नुसता वेग वाढवतात आणि आवाजाची पट्टी तशीच ठेवतात, त्यामुळे आईंना कळत नाही की काय बदललं, त्या एवढंच म्हणतात की महाराज आज घाईत आहेत. उपाय दोन. एक, प्रत्येक पॉडकास्टच्या पानावर त्या पॉडकास्टपुरती सेटिंग असतात, त्यात Playback speed आहे, कीर्तनाला 1.00 ठरवून टाका. मग चुकून बोट लागून वेग बदलला तरी पुढचा भाग सुरू होताना ठरवलेला वेग परत लागतो. दोन, वेगाच्या खिडकीत जे तयार आकडे आहेत ते एकेक काढून टाकता येतात, दाबून धरलं की जातात, तिथे फक्त 1.00 राहू द्या. मग तयार आकड्यावर बोट लागलं तरी पडणार कुठे, 1.00 वरच.

त्याच खिडकीत Skip silence असं आहे, ते बंद ठेवा. शांत जागा गाळून पुढे जायचं ते सेटिंग आहे, बातम्यांना ठीक, पण कीर्तनात बुवा ओवी म्हणून थांबतात ते थांबणंच ते गाळून टाकतं, आणि टाळांच्या मधली जागा अशी कापली जाते की ठेका तुटल्यासारखा वाटतो. आईंनी अशी तक्रार केली असेल की भजन तुटतंय तर नेटचा दोष नसून हे असू शकतं, आधी हे बघा.

वेग मुद्दाम बदलायचा असेल तर कथाकथनाला, म्हणजे संथ वाचलेली कादंबरी वगैरे, 1.25 पर्यंत बहुतेकांना चालतं. दहा तासांचं पुस्तक 1.25 वर आठ तासांत होतं, दोन तास वाचतात. याउलट ऐकू कमी येत असेल किंवा बोलणारा भरभर बोलत असेल तर 0.9 किंवा 0.85 करून बघा, फरक फार जाणवतो, वयस्कर माणसांना मी हेच आधी लावून देते. 0.75 च्या खाली गेलात तर शब्द ओढल्यासारखे होतात, ते नको.

क्यूचं थोडक्यात सांगते पण एक गोष्ट महत्त्वाची आहे. क्यूत भाग ओढून वरखाली करता येतो, आणि बाजूला सरकवला की निघून जातो. ज्यांची बोटं थरथरतात किंवा जाड आहेत त्यांच्याकडून नुसतं खाली स्क्रोल करताना भाग निघून जातो, आणि हे पण माझे भाग गेले या तक्रारीचं एक कारण असतं. क्यूच्या पानावरच्या मेनूत Lock queue आहे, ते लावून टाका. मग सरकवून काही होत नाही. तुम्हाला बदल करायचा असेल तेव्हा उघडा, परत लावा.

मालिका असेल, म्हणजे एक कथा सात भागात, तर क्रम बघून घ्या. पॉडकास्टच्या यादीत सगळ्यात नवीन भाग वर असतो, आणि तुम्ही वरून खाली एकेक भाग क्यूत टाकत गेलात तर सातवा आधी वाजेल आणि पहिला शेवटी. क्यूच्या मेनूत क्रम लावायची सोय आहे, तारखेप्रमाणे, जुना आधी असं लावा. Keep sorted पण चालू केलंत तर पुढे टाकलेले भाग आपोआप योग्य जागी जातात, पण मग सगळ्या पॉडकास्टचे भाग तारखेनेच मिसळतात, सकाळचं कीर्तन आणि दुपारची कथा आलटून पालटून येते. आई एकच मालिका ऐकत असतील तर चालू ठेवा, दोन तीन वेगळं ऐकत असतील तर बंद, आणि नवीन भाग क्यूच्या शेवटी जाऊ द्या, Enqueue location मध्ये Back निवडून.

ब्लूटूथचा नेकबँड वापरत असतील तर त्याच्या पुढे जायच्या बटणाने भाग सोडला जाऊ शकतो. Settings च्या Playback मध्ये त्या बटणाने काय व्हावं ते ठरवता येतं, पुढचा भाग न येता थोडे सेकंद पुढे जावं असं करा. आणि Keep skipped episodes चालू आहे ना बघा, म्हणजे चुकून सोडला तरी भाग क्यूत राहतो.

आता भाषेचं, जे तुम्ही सुरुवातीला लिहिलं ते मी मुद्दाम शेवटी घेतलं, कारण वरचं सगळं लावलं की आईंना वाचावं लागेल असं फारच थोडं उरतं. तरी करून बघा. फोन अँड्रॉइड 13 किंवा त्यापुढचा असेल तर Settings, System, Languages, App languages इथे एकेका ॲपची भाषा वेगळी निवडता येते, सगळा फोन मराठीत करायची गरज नाही. काही फोनमध्ये हे थोडं वेगळ्या जागी असतं, सेटिंगच्या शोधायच्या चौकटीत App languages टाइप करा. यादीत मराठी असेल तर उत्तम, नसेल तर हिंदी आहे का बघा, आईंना लिपी तीच, डाउनलोड वगैरे शब्द तर जसेच्या तसे असतात. पण ॲप बनवणाऱ्यांनी भाषांतर दिलं नसेल तर तुम्ही काहीही निवडा, ॲप इंग्रजीच राहणार. आणि भाषांतर अर्धवट असेल तर अर्धी बटणं देवनागरीत आणि अर्धी इंग्रजीत दिसतात, ते ॲप बिघडलं म्हणून नाही, ज्या वाक्यांचं भाषांतर झालेलं नाही तिथे मूळ इंग्रजी दिसतं इतकंच.

भाषा बदललीत तर एक लक्षात ठेवा, तुम्ही सातपूरहून फोनवर सांगणार Downloads दाबा आणि त्यांच्या स्क्रीनवर तो शब्दच नसणार. म्हणून शब्दाने न सांगता जागेने सांगायची सवय करा, खाली मधे त्रिकोण, त्याच्या डावीकडे मागे फिरणारा बाण, वर चंद्र. त्यांच्या फोनवरून प्लेअरचा आणि क्यूचा असे दोन स्क्रीनशॉट तुमच्या फोनमध्ये ठेवा, सांगताना ते समोर असले की तुम्हाला पण सोपं जातं. ॲप अपडेट झालं की चिन्हं कधीकधी हलतात, तेव्हा स्क्रीनशॉट परत घ्या.

पुढे पैसे भरून मराठी ऑडिओबुकचं एखादं ॲप घेतलंत तर टायमर, वेग हे सगळं तिथे पण असतं, पण डाउनलोडचा नियम वेगळा. वर्गणीवर ऐकायची फाईल तुमच्या मालकीची नसते, वर्गणी संपली की डाउनलोड केलेलं पण सहसा वाजत नाही, आणि काही ॲपना मधूनमधून नेटवर येऊन खात्री करावी लागते, स्पॉटिफायचं तर 30 दिवसांतून एकदा तरी ऑनलाईन यावं लागतं नाहीतर डाउनलोड जातात. तिथे टायमरला प्रकरण संपेपर्यंत असा पर्याय पण असतो, तो चांगला आहे, सकाळी बरोबर नव्या प्रकरणापासून सुरुवात होते. फक्त प्रकरणं किती लांब आहेत ते बघा, तासाभराचं प्रकरण असेल तर मिनिटांचाच टायमर बरा.

तुमच्या केसमध्ये मी या क्रमाने करेन. आधी Playback history बघून खात्री, मग टायमर 9 ते 5 आपोआप, पुसायचं बंद, मोबाईल डेटावर डाउनलोडला परवानगी, बॅटरीचं बंधन काढणं, वेग 1.00, आणि शेवटी क्यू लॉक. अर्ध्या पाऊण तासाचं काम आहे, आई शेजारी बसलेल्या असताना करा. हे केल्यावर पण रात्री मधेच आवाज एकदम तुटत असेल तर फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइड कितवं आहे ते लिहा, त्या फोनमध्ये बॅटरीचं पान कुठे लपवलंय ते बघून सांगते.